हात न लावता पैठणी

(दृश्य: येवल्यातलं घर, खड्ड्याचा माग, धोट्याचा खटाखट आवाज)

नाशिकहून निघालं की निफाड, विंचूर आणि मग येवला, साधारण ऐंशी किलोमीटर. मी दर पंधरा दिवसांनी इथे येते, साड्या घेऊन जाते आणि नाशिकला घरी बसून व्हिडिओ कॉलवर दाखवते. माझी गिऱ्हाईकं नागपूरची, ठाण्याची, एक तर दुबईची. त्यांच्या हातात साडी नसते, फक्त माझा फोन असतो आणि मी बोलते ते. आज एकच पैठणी घेऊन बसलेय, ही बघा.

(दृश्य: साडी सतरंजीवर उलगडलेली, पहाटेचा उजेड)

आधी रंग, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती रंगावरूनच झालेली. या साडीत उभा धागा हिरवा आहे आणि आडवा राणी. म्हणजे समोरून राणी दिसते, आणि जरा तिरकी केली, घडी मोडली की हिरवी झाक उठते, आपण याला धूपछाव म्हणतो. मागच्या वर्षी अशीच एक साडी मी ट्यूबलाइटखाली फोटो काढून पाठवली, फोटोत सपाट राणी आली, ताईंनी घेतली आणि पार्सल उघडल्यावर फोन, अहो ही तर हिरवट आहे, मला चुकीची पाठवली. चुकीची नव्हती, मीच अर्धी दाखवली होती. तेव्हापासून मी खिडकीपाशी बसून पदर हातावर घेते आणि हळूहळू फिरवते, आणि तोंडाने सांगते, उभा हिरवा, आडवा राणी.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फोटोत कुणी बघत नाही. उभा धागा पदरातही तोच जातो. त्यामुळे पदराच्या जरीखालून हिरवा डोकावतो आणि जर किंचित हिरवट वाटते. उभा धागा राणी असता तर तीच जर तांबूस दिसली असती. जर काळी पडलीय की काय असं वाटून कुणी घाबरू नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

(दृश्य: विणकर काका, पदराची वीण, बोटांमध्ये छोट्या तिल्ल्या)

आता वीण. काका पदर विणतायत तिथे जवळ या. जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची, आणि मोराच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धाग्याची गुंडाळी. हिरवा पंख संपला की हिरवा धागा तिथेच थांबतो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. तो पलीकडे उडी मारून जात नाही. मी काकांना विचारलं, काका, आज किती झालं? ते म्हणाले, "ताई, मोराची मान झाली, चोच उद्या." बस्स, यावरून वेळ समजून घ्या.

म्हणून गिऱ्हाईकाला मी एकच सांगते, पदराची उलटी बाजू मागा. (दृश्य: पदर उलटा) हाताने विणलेल्या पदरात मागेही मोर तसाच दिसतो, फक्त रंग बदलतो तिथे धाग्याची इवलीशी टोकं असतात. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रावर, विणलेल्यात मागे लांब धागे लोंबतात किंवा कापून खरखरीत झालेले असतात. फोनवरही हे लगेच कळतं, बोटाने एक लांब धागा उचलून दाखवता आला की प्रश्न संपला. हां, जॅकार्डची साडी वाईट असं माझं म्हणणं नाही, बजेट कमी असेल तर छान दिसते, पण मग तिची किंमतही तशीच असायला हवी. आणि हाताच्या साडीत काठाजवळ टाचणीसारखी बारीक भोकं, एखादी ओळ थोडी दाट थोडी विरळ, हे असणारच. विणताना कापड ताणून धरलेलं असतं, त्याची ती खूण, तो डॅमेज नाही.

(दृश्य: जरीचा एकच धागा, भिंगाखाली)

जरीचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. इथे 'ओरिजिनल जर' हा शब्द फार सैल वापरतात. खऱ्या जरीत चांदीची तार असते, वर सोन्याचा मुलामा, आणि ती धाग्याभोवती गुंडाळलेली. टेस्टेड जरीत तार तांब्याची. आणि स्वस्तात प्लास्टिकची, तिच्यावर नुसती चमक. माझ्या बहुतेक साड्या टेस्टेड जरीच्या, हीसुद्धा, आणि मी ते कॉलवर सांगते, मग कुणाचा चेहरा पडला तरी चालेल. कळतं कसं? ब्लाऊजपीसच्या कडेची एक सुटी तार घ्यायची, नखाने घासायची, आत पांढरट निघालं तर चांदी, लालसर निघालं तर तांबं. प्लास्टिकवाली सालीसारखी निघते आणि आगपेटी लावली की गोळा होते. हे सुट्या तारेवरच करा, पदरावर प्रयोग करू नका! आणि सिल्क मार्कचं लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, जरीबद्दल किंवा हातमागाबद्दल ते काही बोलत नाही, लोक तिथेच फसतात.

(दृश्य: किचनच्या काट्यावर साडी)

नेसल्यावर कशी पडते हे कसं सांगायचं? मी साडी काट्यावर ठेवते. ही 720 ग्रॅम. त्यातला बराच भार पदराचा, म्हणून खांद्यावरून पदर मागे ओढला जातो आणि खांद्याला पिन लागतेच, पण पिन जरीतून नाही, त्याच्या अलीकडे रेशमात. अंगाचा भाग मऊ आहे, निऱ्या पहिल्यांदा पुढे फुगतात आणि तासाभरात बसतात. पदराच्या बारीक प्लेट्स मात्र या जरीवर बसत नाहीत, मोठ्या तीन-चार घ्या किंवा सरळ मोकळा सोडा. नऊवार नेसायची असेल तर ही साडी पुरणार नाही, ती वेगळी मागवावी लागते.

ब्लाऊजपीस साडीच्या पदराविरुद्धच्या टोकाला आहे, साडीपासून कापायचं, लांबी 80 सेंटीमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना काठ आहे, तोच बाह्यांना लावतात. बाही कोपरापर्यंत हवी असेल किंवा माप 40 च्या पुढे असेल तर टेलरला आधी विचारा, नाहीतर काठ एका बाहीला पुरतो आणि दुसरीला जोड येतो. मी कॉलवर ब्लाऊजपीस वेगळा पसरून टेप लावून दाखवते, कंटाळवाणं आहे, पण नंतरचे फोन वाचतात.

(दृश्य: मलमलच्या कापडात गुंडाळलेली घडी)

ठेवायचं म्हणाल तर मलमलच्या कापडात, कपाटाच्या कोरड्या खणात, हॅंगरला लटकवायची नाही. जरीच्या वजनाने रेशीम ओढलं जातं. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि सेंट नेसण्याआधी मारा, साडीवर नाही, जर काळी पडते ती बऱ्याचदा यामुळेच, नाहीतर दमटपणामुळे. तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून घडी दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच रेषेत जर तुटते. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, मंद. धुवायची घरी नाहीच, ड्रायक्लीन, तेही डाग पडला तरच. घाम आला असेल तर नेसून झाल्यावर सावलीत रात्रभर पसरून ठेवा आणि मगच घडी घाला.