गोणीचा हिशोब

(पहाट. मार्केट यार्डातले पिवळे दिवे. गोण्या टेम्पोत चढताहेत.)

पहाटेचे साडेचार. पुण्याच्या गुलटेकडीतलं मार्केट यार्ड. अण्णा गोणीच्या तोंडाची सुतळी सैल करतात, हात कोपरापर्यंत आत घालतात आणि तळाचा कांदा वर काढतात. वरचा कांदा सगळेच बघतात. अण्णा खालच्या कांद्याची मान दोन बोटांत दाबून बघतात. मान मऊ लागली की तो कांदा टिकणार नाही. ही परीक्षा त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली. आता ते ती धाकट्या मुलाला शिकवताहेत. धाकटा गोणीत हात घालतो खरा, पण दुसऱ्या हातात त्याचा मोबाईल आहे आणि तो आडत्यानं सांगितलेला दर त्यात लिहून घेतोय.

(महात्मा फुले मंडई. मनोरा. खालून वर जाणारा कॅमेरा.)

ही महात्मा फुले मंडई. १८८६ साली उघडली तेव्हा नाव होतं रे मार्केट. मधला मनोरा अष्टकोनी आणि त्याच्याभोवती पसरलेल्या दगडी पाख्या. आता अगदी जवळ भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. मेट्रोतून उतरून पिशवी घेऊन येणाऱ्या तरुण गिऱ्हाइकाच्या खिशात बऱ्याचदा पाकीटच नसतं.

अण्णांचा धंदा कांदा-बटाट्याचा. मांडी घालून बसलेले अण्णा, उजव्या हाताला काटा, डाव्या मांडीखाली गल्ल्याची लाकडी पेटी आणि पाठीमागे खिळ्याला टांगलेली वही. सकाळची भवानी झाली की ती नोट कपाळाला लावून पेटीत जाते. ही बघा, आजची भवानी. पन्नासाची नोट.

(नोट कपाळाला लावताना अण्णांचे हात. थोडा वेळ शांतता.)

मोबाईलवर पैसे घ्यायचा पहिला प्रयत्न धाकट्यानं २०२० मध्ये, लॉकडाऊन सैल झाल्यावर केला. तेव्हा नोटेला हात लावायलाच लोक घाबरायचे. त्यानं क्यूआर कोड छापून आणला आणि काट्याशेजारी चिकटवला. खातं मात्र त्याचं स्वतःचं होतं. पैसे आल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर येणार आणि तो दिवसभर कामावर. ओट्यावरच्या अण्णांकडे बटणांचा साधा फोन. एका गिऱ्हाइकानं सहाशे चाळीस रुपये भरल्याचं चित्र मोबाईलवर दाखवलं आणि दोन पिशव्या भरून नेल्या. रात्री धाकट्यानं खातं तपासलं. पैसे आलेच नव्हते. चित्र बनावट होतं.

अण्णांनी नखानं तो कागद खरवडून काढला. त्याचा डिंक अजून तिथे आहे. हा, इथे.

(लाकडावरचा डिंकाचा चौकोनी डाग. जवळून.)

चूक कुठे झाली हे आज दोघंही सरळ सांगतात. पैसे कोणाकडे येताहेत आणि माल कोण देतोय, ही दोन माणसं वेगळी होती. अण्णांना तेव्हा खुपलं होतं ते आणखी एक. विकायचं आपण आणि पैसा जायचा मुलाच्या खात्यात. ते भांडण घरी झालं.

पुढची दोन-तीन वर्षं धाकट्यानं मोबाईलचं नाव काढलं नाही. मग एक दिवस त्यानं अण्णांकडे वही मागितली.

(वहीची पानं. एकेक पान उलटतंय.)

ही वही नीट बघा. यात नावं नाहीत. ‘पांढरी स्कूटर’ म्हणजे सदाशिव पेठेतले एक खानावळवाले. ‘वरचा मजला’ म्हणजे डबे देणाऱ्या एक ताई. रिकामं वर्तुळ म्हणजे अर्धी गोणी आणि भरलेलं वर्तुळ म्हणजे पूर्ण गोणी. उधारी फिटली की त्या ओळीवर आडवी रेघ. अण्णांना हे सगळं तोंडपाठ आहे, दुसऱ्या कुणाला यातलं अक्षर लागत नाही. धाकटा रोज रात्री जेवण झाल्यावर एकेक पान समोर धरायचा आणि विचारायचा, “अण्णा, हे कोण? हे फिटलं का?” अण्णा सांगायचे, तो टिपून घ्यायचा. चौदा पानं झाली.

मोबाईलवर त्यानं सगळ्यांना मिळते तशी साधी तक्त्याची फाईल उघडली होती. विकत काहीच घेतलं नाही. आणि तक्त्यातही त्यानं ‘पांढरी स्कूटर’ असंच लिहिलं. माझ्या मते अण्णांचं मन वळलं ते तिथे. मुलानं त्यांची वही मोडीत काढली नव्हती, तिची दुसरी प्रत केली होती.

(निळी बादली. तिच्यात पडणारा एक सडका कांदा.)

आता ही बादली. महिनाभर धाकट्यानं अण्णांना एकच काम सांगितलं होतं. सडका, कोंब आलेला, फेकायचा प्रत्येक कांदा बाहेर न टाकता या बादलीत टाकायचा. रात्री बादलीचं वजन त्याच काट्यावर व्हायचं आणि ‘नास’ या रकान्यात जायचं. एवढ्या वर्षांत हे वजन कधी कुणी केलं नव्हतं.

त्यातल्या एका गोणीचा हिशोब ते दोघं कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दाखवताहेत. पन्नास किलोची गोणी, चोवीस रुपये किलोनं घेतलेली. म्हणजे बाराशे रुपये. हमाली, तोलाई आणि टेम्पोचा वाटा मिळून साठ. झाले बाराशे साठ. अण्णा विकत होते तीस रुपयांनी आणि डोक्यात हिशोब धरत होते किलोमागे सहा रुपये सुटतात असा. पण वाळून कमी झालेलं वजन आणि बादलीतला कांदा मिळून चार किलो गेला. विकायला उरला सेहेचाळीस किलो. बाराशे साठला सेहेचाळीसनं भागलं की कांदा पडतो सत्तावीस रुपये चाळीस पैशांच्या आसपास. सहा रुपये कुठे आणि अडीच रुपये कुठे!

(अण्णा पडद्याकडे बघताहेत. चष्मा काढतात. पुसतात. निवेदन नाही.)

दर वाढवायचा, असं धाकट्याला वाटलं होतं. अण्णांनी तक्ता वाचायला लावला आणि वेगळंच काहीतरी काढलं. त्याच आठवड्यात त्यांनी पंचवीस रुपयांची एक गोणी घेतली होती, सुक्या मानेची. तिच्यात दोनच किलो गेले. खर्च धरून तेराशे दहा रुपयांत अठ्ठेचाळीस किलो माल मिळाला. किलोला पडले सत्तावीस रुपये तीस पैसे. महाग घेतलेला कांदा तसूभर स्वस्तच पडला आणि मालही चांगला. मुलानं आकडे मांडले, पण त्यांचा अर्थ बापाला लागला.

तेव्हापासून तक्त्यात एक रकाना वाढला, ‘मान’. त्यात फक्त दोन शब्द चालतात, सुकी आणि मऊ.

आणि मोबाईलच्या पैशांचं काय? ते अण्णांनीच पुन्हा काढलं. एका रविवारी धाकट्यानं वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या. सुटे नाहीत, फक्त फोन आहे म्हणून परत गेलेल्या गिऱ्हाइकामागे एक रेघ. संध्याकाळपर्यंत तेवीस रेघा झाल्या.

या वेळी खातं उघडलं ते अण्णांच्या नावावर आणि फक्त ओट्यासाठी. घरखर्च त्यातून करायचा नाही. क्यूआर द्यायला आलेल्या माणसाला धाकट्यानं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, पैसे खात्यात लगेच पडतात की दुसऱ्या दिवशी? काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी पडतात. अण्णांना पहाटे आडत्याला द्यायचे असतात, त्यांना लगेच लागतात. बँक खात्यातून यूपीआयनं आलेल्या पैशावर दुकानदाराला २०२० च्या जानेवारीपासून दलाली द्यावी लागत नाही. पैसे आले की रक्कम मोठ्यानं सांगणाऱ्या, बोलणाऱ्या डब्याचं मात्र महिन्याचं भाडं आहे आणि ते अण्णांनी पहिल्याच दिवशी वहीत खर्चाला लिहिलं.

(मंडईतला गलका. मध्येच डबा बोलतो: “साठ रुपये प्राप्त झाले.”)

या डब्यात त्याचं स्वतःचं सिमकार्ड असतं. अण्णांचा साधा फोन साधाच राहिला. डबा बोलला की पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात, नाही बोलला तर पिशवी काट्यावरच. गिऱ्हाइकाच्या मोबाईलकडे अण्णा बघतही नाहीत. दगडी भिंतींच्या आत कधी रेंज जाते आणि डबा गप्प बसतो. मग ओळखीचं गिऱ्हाईक असेल, तर त्याच्या व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकातले शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे, रात्री खात्याशी ताडून बघायचे. अनोळखी असेल तर थांबायला सांगायचं. काही जण रागावून जातात.

सकाळी दिवा लावताना अण्णा आता आणखी एक गोष्ट करतात. क्यूआरच्या कडेवरून नख फिरवतात. आपल्या कागदावर दुसऱ्याच कुणीतरी स्वतःचा कागद चिकटवून जाऊ शकतो आणि मग दिवसभराचे पैसे त्याला. पहिल्या मोबाईलवाल्या गिऱ्हाइकाला ते विचारतात, “नाव काय दिसतंय?” गिऱ्हाईक मोठ्यानं वाचतं. हे आम्ही चार सकाळी टिपलं, चारही वेळा स्वतःचं नाव ऐकताना अण्णा मान डोलावतात.

शेजारच्या गाळ्यावर धास्ती होती ती नोटिशीची. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरमध्ये कित्येकांनी क्यूआर काढून टाकले होते. ताज्या कांदा-बटाट्याला जीएसटी नाही आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला त्याची नोंदणीही लागत नाही. प्राप्तिकराचं वेगळं. पण तिथेही छोट्या व्यापाऱ्यासाठीच्या सोप्या पद्धतीत रोखीच्या विक्रीवर आठ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर सहा. धाकट्याचं म्हणणं असं की खरी ढाल खरेदीची नोंद आहे. खात्यात नुसती जमा दिसते, गोणीला किती गेले ते तक्ता सांगतो.

थकलेली उधारी बरीचशी वसूल झाली. ‘पांढरी स्कूटर’ आता दर शनिवारी क्यूआरवर पैसे भरतात.

(रात्र. मंडईतले दिवे एकेक करून मालवताहेत. ओट्यावर फक्त एक बल्ब.)

साडेनऊ. रोजचा मेळ. क्यूआरवर फक्त मोबाईलचे पैसे दिसतात, रोख कुणी आपोआप लिहीत नाही. म्हणून अण्णा पेटीतल्या नोटा मोजतात, धाकटा आकडा टाकतो. घरी भाजीला नेलेले दोनशे ‘घरी’ या रकान्यात. मग मोबाईलची जमा, मग उधारी, मग बादलीचं वजन.

आज चाळीस रुपयांचा फरक येतोय. खात्यात सगळं बरोबर आहे, पेटीत चाळीस कमी. पुन्हा मोजलं, तरी चाळीसच. धाकटा म्हणतो, “अण्णा, जाऊ द्या, चाळीसच आहेत.” अण्णा उत्तर देत नाहीत. ते पेटीवर हात ठेवून, डोळे मिटून दिवस मागे नेताहेत.

(अण्णांचा चेहरा. जवळून. बाहेर शटर ओढल्याचा आवाज.)

“त्या हिरव्या छत्रीवाल्या बाई,” ते म्हणतात. “दोनदा दाबलं त्यांनी. मी रोख परत दिले.”

धाकटा मोबाईल उचलतो.

“काय लिहू?”

“लिही, हिरवी छत्री. चाळीस. परत.”