दूध आटलं नव्हतं, नाक चोंदलं होतं

मायांनो, आज्यांनो, आधी एक करा. समोरच्या ग्लासातलं पाणी नाक दाबून एका दमात पिऊन पाहा. झालं? चार घोटांत ग्लास खाली आला ना? तान्ह्या लेकराचंही तेच होतं. पहिले काही महिने ते मुख्यतः नाकानंच श्वास घेतं.

मागच्या पौषात पाच आठवड्यांच्या बाळाच्या घरी गेले. अर्ध्या खोलीत कापूस भरलेला, कोपऱ्यात शेगडीचा धूर. बाळंतीण रडतच म्हणाली, ‘बाई, माहं दूध आटलं.’ आजीनं डब्याचं दूध सुरू केलेलं. मी म्हटलं, माझ्यासमोर पाज. लेकरानं दोनदा ओढलं, सोडलं, किंचाळलं, पुन्हा तोंड लावलं. दुसऱ्या बाजूनं तर दूध आपसूक गळत होतं! नाकाखाली बोट धरलं, डाव्या नाकपुडीतून वाराच लागेना.

मालीशवालीनं नाकात तेल सोडलं होतं. ते तेल घशातून फुप्फुसात उतरू शकतं, न्यूमोनिया करू शकतं. आणि एका दुकानदारानं मोठ्या माणसांचे नाक मोकळं करायचे थेंब दिले होते. इतक्या लहान जिवाला त्यानं गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. बाळाचं वय न विचारता बाटली दिली, याचा मला आजही संताप येतो.

ग्रामसभेची वेळ झाली म्हणतात, म्हणून हात चालवून दाखवते, नीट बघा. थेंब फक्त मिठाच्या पाण्याचे, बाटलीवर 0.9 टक्के सोडियम क्लोराइड लिहिलेले. बाळ उताणं, मान किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत 2 थेंब, बाटलीचं टोक नाकाला न लावता. मग मिनिटभर थांबा, वाळलेला शेंबूड भिजू द्या. पुष्कळदा शिंकेतूनच तो बाहेर येतो.

नाही आला तर हा रबरी फुगा. आधी बाहेरच दाबायचा. आत नेऊन दाबला तर शेंबूड उलट मागे ढकलला जातो. दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा, हळू सोडा, काढा, फडक्यावर पिचकवा. हे पाजण्याच्या दहा मिनिटं आधी करा. पाजल्यावर केलं तर ओकतं. दिवसात तीन-चारदा बस. जास्त ओढलं की आतली त्वचा सुजते, नाक आणखी बंद होतं. रक्ताची रेघ दिसली की फुगा बंद, फक्त थेंब. आणि नाक नुसतं घुरघुरतंय, पण लेकरू नीट पितंय, तर हातही लावू नका. फुगा गरम साबणपाण्यानं आतून धुवा, तोंड खाली करून वाळवा.

त्या बाळाला थेंबानंतर शिंक आली, लांब तार निघाली, आणि ते पंधरा मिनिटं एकसारखं प्यायलं. झोपल्यावर मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले: 44. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे शांत असताना 60 किंवा जास्त भरले, परत मोजूनही तेवढेच आले, बरगड्यांखाली खड्डा पडला, ओठ निळसर झाले, अंग तापलं किंवा गार पडलं, किंवा नाक मोकळं करूनही पित नसेल, तर फुगा ठेवा आणि 108 लावा.