फॉन्टची फाइल जाते कुठे?

बोलायला उभा राहिलो तेवढ्यात पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, फॉन्ट फ्रीच होता की. मग लायसन्स कसलं बघायचं?" बरं झालं, आजचं सगळं बोलणं याच प्रश्नावर आहे.

'फ्री' या शब्दाचा अर्थ एवढाच, की डाउनलोडचे पैसे पडले नाहीत. उतरवलेल्या फॉन्टचं पुढे काय करायला मुभा आहे, ते झिपमधल्या छोट्याशा टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल आपण कोणी उघडत नाही. मीही कित्येक वर्षं उघडली नव्हती. एकदा पाटी दुकानावर चढल्यावर फॉन्ट काढणाऱ्याचा मेल आला, तेव्हा उघडली. पहिल्याच ओळीत 'Personal Use Only' असं लिहिलेलं होतं. परवाना मागाहून माझ्या खिशातून घेतला.

एक गोष्ट आधी नीट वेगळी करू. फॉन्ट म्हणजे संगणकावरची फाइल, एक छोटासा प्रोग्रॅम. पाटीवर दिसतं ते त्या प्रोग्रॅमनं काढलेलं चित्र. परवान्यातल्या अटी या दोन्हींबद्दल असतात. चित्र धंद्यासाठी वापरता येईल का, हा एक भाग. फाइल किती संगणकांवर ठेवायची, कोणाला द्यायची, कशात बसवायची, हा दुसरा. लोक पहिल्या भागापाशी थांबतात आणि अडकतात मात्र दुसऱ्यात.

माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीला हातानं बनवलेल्या साबणाच्या दुकानाचं काम मिळालं. पाटी, साबणाची खोकी आणि ऑनलाइन जाहिराती, तिन्हीकडे एकच अक्षर हवं होतं. तिला एका साइटवर देखणा देवनागरी फॉन्ट सापडला. बटणाशेजारी 'Free' लिहिलेलं होतं. झिपमध्ये नुसती .ttf होती, सोबत वाचायला काही नाही. असं दिसलं की मी सावध होतो, कारण फॉन्ट करणारा आपल्या अटी सहसा सोबत देतो. त्या नसल्या तर मधल्या कोणीतरी फाइल उचलून पुन्हा चढवलेली असण्याची शक्यता वाढते.

अशा वेळी फॉन्टच्या पोटात बघायचं. फाइलच्या आतच कॉपीराइट, बनवणारा, परवान्याचा मजकूर आणि परवान्याचा वेबपत्ता यांसाठी जागा राखलेल्या असतात. त्या वाचणारी साधनं मोफत मिळतात. आम्ही हे चालवलं:

```
otfinfo -i font.ttf
```

'License Description' हा रकाना तिथे नव्हताच. पण 'Copyright'समोर एका फाउंड्रीचं, म्हणजे फॉन्ट बनवून विकणाऱ्या संस्थेचं, नाव होतं आणि पुढे 'All rights reserved'. म्हणजे साइट सांगत होती एक आणि फाइल सांगत होती दुसरंच. असा मेळ बसला नाही की साइटचं खरं धरायचं नाही. मूळ फाउंड्रीच्या पानावर जायचं. तिथे तोच फॉन्ट विकायला होता. शिवाय एक मोफत चाचणी-आवृत्तीही होती, तिच्यात 'तऱ्हा' लिहायला गेलं की 'ऱ्ह' तुटत होता.

इथे एक फसवी जागा आहे. विंडोजमध्ये फॉन्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'Font embeddability' असतं आणि त्यासमोर 'Installable' दिसतं. ते वाचून पुष्कळांना वाटतं, झाली परवानगी. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की फॉन्ट डॉक्युमेंटमध्ये बसवायला सॉफ्टवेअरनं अडवू नये. धंद्यासाठीच्या वापराशी तिचा संबंध नाही. आणि परवान्यात वेगळं लिहिलेलं असेल, तर परवानाच खरा.

मालकिणीला तेच अक्षर हवं होतं, म्हणून तिच्या दुकानाच्या नावानं डेस्कटॉप परवाना घेतला. तो कोणाच्या नावावर आहे, याला महत्त्व आहे. तो डिझायनरच्या नावावर असेल, तर उद्या मालकिणीला स्वतःच्या संगणकावर तो फॉन्ट वापरून फलक करता येईलच असं नाही.

आता पाटी. पाटीवाल्याचा फोन आला, "फॉन्ट पाठवा, एक अक्षर इकडेतिकडे झालं तर मीच नीट करतो." माणूस भला, हेतूही चांगला. पण फाइल त्याच्याकडे गेली की परवाना नसलेल्या संगणकावर ती जाऊन बसते, आणि या परवान्यात ते चालत नव्हतं. उपाय तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण प्रेसवाले रोज तोच मागतात: फाइल कर्व्ह करून द्या. कर्व्ह केलं की अक्षराचा नुसता आकार उरतो, फॉन्ट जात नाही. व्हिनाइल कापणाऱ्या मशीनला तरी दुसरं काय हवं असतं? फक्त शुद्धलेखन कर्व्ह करण्याआधी दोनदा तपासा, मग ते टाइप करून बदलता येत नाही.

खोक्याचं प्रकरण जरा नाजूक निघालं. साबणाचं नाव कर्व्ह करून गेलं, तिथे अडचण नाही. पण वजन, बॅच क्रमांक, तारीख हा मजकूर दर खेपेला बदलतो, तो छापखान्यातच टाइप होतो. म्हणजे तिथे फॉन्टची फाइल लागणारच. दुसरा परवाना घेण्याऐवजी आम्ही बारीक मजकुराचा फॉन्टच बदलला आणि 'मुक्त' नावाचा फॉन्ट घेतला. तो SIL Open Font License खाली आहे. हा परवाना सोपा आहे: धंद्यासाठी वापरा, कितीही संगणकांवर ठेवा, दुसऱ्याला द्या. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि फाइल पुढे दिली तर कॉपीराइटची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यायचा. म्हणून छापखान्याला `OFL.txt`सकट सगळा फोल्डर पाठवला. त्या फॉन्टनं छापलेल्या खोक्यावर मात्र कसलीच अट येत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो जाहिरातींवर. मालकीण म्हणाली, "अहो, पाटीला चालतो तो जाहिरातीला का नाही?" चालतो, जर जाहिरात चित्र असेल. JPG किंवा PNG मध्ये फॉन्ट नसतो, असतात ते नुसते पिक्सेल. पण जाहिरात करणाऱ्यांनी हलता HTML5 बॅनर सुचवला होता. त्यात मजकूर बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जुळतो, त्यामुळे बॅनरसोबत फॉन्टची फाइलही जाते. तिच्या डेस्कटॉप परवान्यात हे बसत नव्हतं. अशा वापरासाठी फाउंड्री वेगळा परवाना देते आणि तो बहुधा जाहिरात किती वेळा दाखवली जाईल, यावर मोजला जातो. वेबसाइटसाठी आणखी वेगळा, तो बहुधा पान किती वेळा उघडलं जातं त्यावर.

मग त्या मुलीनं हिशेब केला. बॅनरवर नाव आणि एक ओळ, एवढंच होतं. नाव कर्व्ह करून SVG म्हणून बसवलं आणि खालची ओळ 'मुक्त'मध्ये टाकली. हलणं राहिलं, जास्तीचा परवाना लागला नाही. माझ्या मते बॅनर आधीपेक्षा वाचायलाही बरा झाला, पण ते मालकिणीला पटलेलं नाही.

त्या मुलीच्या फोल्डरमध्ये आता पावती आहे, खरेदीच्या दिवशीच्या अटींची पीडीएफ आहे आणि मूळ झिप आहे. पहिल्या साइटवरून उतरवलेली .ttf तिनं तिन्ही संगणकांवरून काढून टाकली. नावं इतकी सारखी होती, की डिझाइनची जुनी फाइल उघडली की तीच पुन्हा लागायची.