9.6 मधून 5.4 वजा केले तर 8.2 कसे येतात?

(टीवाय बीकॉमच्या मुलांसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

आवाज मागेपर्यंत येतोय ना? ठीक. ही पहिली स्लाइड बघा, 2023-24 सालची, मे 2024 मध्ये सरकारने जे तात्पुरते अंदाज दिले त्यातली. चालू किमतींना जीडीपी 9.6 टक्क्यांनी वाढला, स्थिर किमतींना 8.2 टक्क्यांनी. आणि खाली महागाई, ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे सीपीआयवरून काढलेली त्या वर्षाची सरासरी, 5.4 टक्के. गेल्या वर्षी हीच स्लाइड लावली होती तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने लगेच विचारलं, सर 9.6 मधून 5.4 गेले तर 4.2 राहतात, हे 8.2 कुठून आले? खरं सांगू, मला त्या दिवशी शिकवायला ठेवलेलं सगळं बाजूला ठेवावं लागलं, कारण तिचा प्रश्न बरोबर होता आणि पुस्तकात उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं. आज तेवढंच घेऊ.

आधी जीडीपी. एका वर्षात देशाच्या हद्दीत जे बनलं त्याची किंमत, हे तुम्हाला पाठ आहे. पण मोजताना विक्रीची बेरीज करत नाहीत, नाहीतर गहू एकदा, मैदा एकदा, बिस्किटं एकदा असं तिनदा मोजलं जाईल. प्रत्येक टप्प्यावर किती भर पडली तेवढीच घेतात, म्हणजे मूल्यवर्धन. बिस्किटाच्या कारखान्याने 100 रुपयांचा माल विकला आणि मैदा, साखर, तेल, पॅकिंग, वीज याला 60 गेले तर त्याची भर 40. असे सगळे 40-40 गोळा केले आणि त्यात वस्तूंवरचे कर मिळवून सबसिडी वजा केली की जीडीपी. हे 40 लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारेत.

आता चालू आणि स्थिर. चालू किमतींचा आकडा म्हणजे त्या वर्षीच्या भावाने केलेली मोजणी, 295.36 लाख कोटी. स्थिर म्हणजे भाव 2011-12 चेच धरले तर किती, 173.82 लाख कोटी. पहिल्याला दुसऱ्याने भागा, 1.699 येतं. आदल्या वर्षी हेच 269.50 भागिले 160.71, म्हणजे 1.677. 1.677 वरून 1.699, साधारण 1.3 टक्के वाढ. या भागाकाराला जीडीपी डिफ्लेटर म्हणतात, आणि 9.6 मधून जी महागाई वजा झाली ती त्याची ही वाढ. 5.4 तिथे कुठेच नव्हती. (कॅल्क्युलेटरवर करून बघा, आत्ताच करा, मोबाइल आहेच हातात.)

मग एकाच देशात एकाच वर्षी महागाई 5.4 पण आणि 1.3 पण? हो, कारण दोन्ही वेगळ्या पिशव्या आहेत. सीपीआयची पिशवी म्हणजे घरातली बाई-माणसं दुकानातून काय आणतात ती. 2012 पायाच्या मालिकेत खाण्यापिण्याला जवळपास 46 टक्के वजन होतं, आणि ते वजन 2011-12 च्या घरखर्चाच्या सर्व्हेतून आलं होतं. दर महिन्याला ठरलेल्या गावांतून आणि शहरातल्या बाजारांतून भाव टिपतात, पिशवी तीच ठेवतात, फक्त तिचं बिल किती झालं ते बघतात. टोमॅटोचं उदाहरण घ्या. वजन फक्त 0.57 टक्के, म्हणजे नगण्य वाटतं. पण जुलै 2023 मध्ये टोमॅटो आदल्या जुलैच्या तिप्पट झाला होता, नारायणगावच्या मंडईत टोमॅटोवाल्यांचं नशीब उघडलं ते हेच दिवस, तर 0.57 गुणिले 200 टक्के वाढ म्हणजे ढोबळमानाने एक टक्क्याच्या वर भर एकट्या टोमॅटोची. त्या महिन्याची सीपीआय 7.44 टक्के होती. आणि पुढच्या जुलैला ती साडेतीनवर आली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं स्वस्ताई आली. तसं नव्हतं हो, तुलना ज्या महिन्याशी होती तोच महिना उंचावर बसला होता, भाव वाढतच होते फक्त हळू. याला बेस इफेक्ट म्हणतात, पेपरात विचारतात.

आता डिफ्लेटरची पिशवी. त्यात देशात बनणारं सगळं येतं, ट्रॅक्टर, सिमेंट, सॉफ्टवेअर, सरकारी नोकरांचं काम पण. बाहेरून आणलेला माल नाही. आणि एवढ्या सगळ्याचे वेगळे भाव कोण टिपणार, म्हणून बऱ्याच ठिकाणी घाऊक किंमत निर्देशांक, डब्ल्यूपीआय वापरतात. डब्ल्यूपीआयमध्ये सेवा अजिबात नाहीत, भाजीपाला थोडा, सुमारे 64 टक्के कारखान्यात बनलेला माल. आणि 2022 मध्ये युक्रेन युद्धाने तेल, धातू, खाद्यतेल सगळं भडकलं होतं ते पुढच्या वर्षी उतरलं, त्यामुळे 2023-24 ला डब्ल्यूपीआय सरासरी उणे 0.7 टक्के. म्हणजे तुमच्या आईला भाजी महाग आणि कारखानदाराला कच्चा माल स्वस्त, दोघंही खरंच बोलत होते.

पण गंमत इथे संपत नाही, खरा घोळ पुढे आहे. परत बिस्किटाच्या कारखान्यात चला. दुसऱ्या वर्षी तेवढीच बिस्किटं, तोच भाव, विक्री 100. फक्त कच्चा माल 10 टक्के स्वस्त झाला, 60 चे 54. भर झाली 46. कारखान्याने जास्त काही बनवलं का? एक पुडाही नाही. नीट मोजायचं तर विक्रीला विक्रीच्या भावाने आणि कच्च्या मालाला कच्च्या मालाच्या भावाने भागायचं, 100 वजा 60, पुन्हा 40, वाढ शून्य. याला डबल डिफ्लेशन म्हणतात. आपल्याकडे शेतीला ते करतात, पण कारखानदारीत 2011-12 च्या मालिकेत सरळ 46 ला एकाच भावाने भागायचे. बिस्किटाचा भाव हलला नाही म्हणून 46 चे 46 च, म्हणजे खऱ्या उत्पादनात 15 टक्के वाढ! कागदावर. कच्चा माल महागला की उलटं होतं, वाढ असते तिच्यापेक्षा कमी दिसते. 2022-23 पायाच्या नव्या मालिकेत कारखानदारीलाही डबल डिफ्लेशन लावायचं ठरवलं ते याचसाठी.

म्हणून माझं मत असं की 2023-24 च्या 8.2 मधला काही भाग त्या कच्च्या मालाच्या स्वस्ताईचा आहे. किती, त्यावर अर्थतज्ज्ञ भांडतात, आणि सगळा आकडाच खोटा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही, गाड्या आणि सिमेंट खरंच विकलं गेलं होतं. तुम्ही एवढं करा, खऱ्या वाढीचा आकडा मोठा दिसला की शेजारी डिफ्लेटर काढा, आणि तो सीपीआयपेक्षा फारच खाली असेल तर डब्ल्यूपीआय कुठे आहे ते बघा. शून्याच्या आसपास किंवा खाली असेल तर 8.2 जरा जपून वापरायचा.

आणि हो, स्लाइडच्या कोपऱ्यात मे 2024 लिहिलंय ते सजावट म्हणून नाही. हाच 8.2 नंतर फेब्रुवारी 2025 च्या सुधारित अंदाजात 9.2 झाला, आणि 9.6 चा 12 झाला. मग डिफ्लेटरही बदलला. घरी जाऊन तो किती आला ते काढा, मी उद्या विचारणार आहे.