गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं?

(लालबागमध्ये घरगुती मसाले विकणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यातल्याच एका ताईंचं पान मी परवा गूगलवर शोधलं. मालवणी मसाल्याचं. निकालात निळ्या अक्षरांत दिसलं, ‘होम – आमची उत्पादने’. खाली दोन ओळी होत्या, ‘कार्टमध्ये टाका. डिलिव्हरीची माहिती. परतीचे नियम.’ मसाला हा शब्द कुठेच नाही. गाळ्याच्या पाटीवर नुसतं ‘दुकान’ लिहावं, तसं झालं हे.

हे का झालं? पानाच्या कोडमध्ये दोन जागा असतात. एक शीर्षकाची, तिला टायटल म्हणतात. दुसरी सारांशाची, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन. वेबसाइट बनवणाऱ्याने टायटल बाराही मसाल्यांना एकच ठेवलं होतं आणि सारांश रिकामा सोडला होता. मग गूगलने पानावर जे हाताला लागलं ते उचललं.

मी ताईंना विचारलं, गाळ्यावर गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? त्या हसल्या. ‘तिखट किती, आणि मच्छीला चालेल का? मग विचारतात, खोबरं घातलंय का, टिकेल का.’ म्हटलं, झालं की तुमचं लिहून! आपल्याला ‘अस्सल चवीचा खजिना’ सुचतो, पण तो शोधायला कोणी येत नाही.

मग आम्ही हे लिहिलं:

```html
<title>मालवणी मसाला पाव किलो, मध्यम तिखट – दुकानाचे नाव</title>
<meta name="description" content="मच्छीचं कालवण, कोंबडी आणि उसळीसाठी. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी मिरची. डंकावर कुटलेला; खोबरं आणि मीठ घातलेलं नाही.">
```

क्रम पाहा. वस्तूचं नाव आधी, दुकानाचं शेवटी. गूगलने शीर्षकाला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, पण पडद्यावर जागा संपली की पुढचं कापलं जातं, आणि तेही रुंदी बघून. त्यामुळे कापलं गेलंच तर दुकानाचं नाव जावं, मसाल्याचं नको. सारांशाचंही तसंच: मोबाइलवर पहिलं वाक्य हमखास वाचलं जाईल असं धरून चला, म्हणून मच्छी आधी, डंका नंतर.

आता एक कडू गोष्ट. तुम्ही लिहिलेलं गूगल जसंच्या तसं दाखवेलच असं नाही. कोणी ‘मालवणी मसाला किती दिवस टिकतो’ असं शोधलं आणि त्याचं उत्तर पानावरच्या मजकुरात असेल, तर सारांशाऐवजी ते वाक्य दिसू शकतं. म्हणजे पानावरची वाक्यंही साधी आणि पूर्ण हवीत. शीर्षकही बदललं जातं. या ताईंच्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘आजीच्या हातची चव’ होतं. टायटल एक सांगतंय, पानावरचा मथळा दुसरंच, असं झालं की गूगल मथळा उचलू शकतं. आम्ही मथळा ‘मालवणी मसाला’ केला आणि आजींना खालच्या ओळीत बसवलं. लिपीचंही असंच आहे. पान मराठीत असेल तर शीर्षक मराठीतच ठेवा. लोक `malvani masala` असं टाइप करतात हे खरं. ते नाव पानावरच्या मजकुरात एकदा सहज येऊ द्या.

दुसऱ्या एका ताईंनी शीर्षकात ‘मालवणी मसाला, बेस्ट मालवणी मसाला, मालवणी मसाला मुंबई’ अशी माळ ओवली होती. वाचणाऱ्याला ते फेरीवाल्याच्या ओरडण्यासारखं वाटतं, आणि असं शीर्षक गूगल बदलण्याची शक्यताच जास्त. सारांशात शब्द कोंबून तर नंबर वर जातच नाही. गूगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही. सारांशाचं काम एवढंच, की दिसलेल्या पानावर बोट पडावं. कोडमध्ये शोधाचे शब्द लिहायची एक जुनी जागाही असते, कीवर्डची. ती भरायचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. गूगलने २००९ सालीच सांगितलंय की क्रमवारीसाठी ती वापरत नाही.

बदल केल्यावर लगेच दिसणार नाही. गूगलला पानावर पुन्हा येऊन जावं लागतं. त्याला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. सर्च कन्सोल हे वेबसाइटवाल्यांसाठी गूगलचंच साधन आहे. त्यात पानाचा पत्ता टाकून `Request indexing` दाबता येतं, पण ती विनंती आहे, हुकूम नव्हे. तोवर निकालात जुनंच दिसतं.

म्हणूनच सारांशात भाव लिहू नका. या ताईंनी पूर्वी एकदा लिहिला होता. मिरची महागली, पानावरचा भाव त्यांनी वाढवला, पण शोधात जुनाच झळकत राहिला. एका गिऱ्हाइकाने फोनवर फोटो पाठवून तोच भाव मागितला, आणि ताईंना दोन पाकिटं त्या भावाने द्यावी लागली.