दोन गाठी आणि एक लग्न

नमस्कार श्रोतेहो. कातडीखाली गाठ लागली की मनात आधी कॅन्सरच येतो. पण बहुतेक वेळा ती पिशवीची गाठ, म्हणजे सिबेशियस सिस्ट असते, नाहीतर चरबीची, म्हणजे लायपोमा. निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याला दोन्ही होत्या.

तो आला होता हातावरची गाठ दाखवायला. मऊ, तीनेक सेंटीमीटरची, कडेला दाबली की बोटाखालून सटकन निसटणारी. वरची कातडी चिमटीत सहज येत होती. ही चरबीची. मानेवर मात्र एक लहान, घट्ट गाठ होती, कातडीला चिकटलेली आणि मधोमध बारीक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे पिशवीचं तोंड. (पूर्वीचे न्हावी असलं पहिल्यांदा बघून सांगायचे. हल्लीच्या सलूनात गाण्यांच्या आवाजात कुणी कुणाशी बोलतच नाही!)

मी म्हटलं, "मामा, हातावरची राहू दे, मानेवरची काढूया."
"ती होय? ती पोती वाहून झालीया. तिचं काय एवढं!"

पुढं घरात लग्न निघालं. फोटोत गाठ दिसायला नको म्हणून मेव्हण्यानं ती पिळली. चक्क्यासारखं पांढरं, घाण वासाचं काहीतरी निघालं, मान सपाट झाली, सगळे खूश. हळदीच्या दिवशी तीच गाठ लाल, गरम आणि दुप्पट! वर कुणीतरी चुना-गूळ थापला, तर कातडीही भाजली. मामा आले तेव्हा मान वळत नव्हती.

मी चीर देऊन पू काढला आणि साखर तपासली. मामा हट्टाला पेटले, "आताच मुळासकट काढा." नाही काढली. पू झालेला असताना पिशवीची भिंत ठिसूळ होते, फाटते. तुकडा आत राहिला की गाठ परत. सूज उतरायला सहा आठवडे थांबलो, मग जागा बधिर करून ठिपक्यासकट अख्खी पिशवी काढली आणि तपासायला पाठवली.

परत सांगतो, पिळून आतला माल निघतो, पिशवी राहते. पिशवी राहिली की गाठ परत भरते. म्हणून ठिपक्याची गाठ सारखी सुजत असेल, बोचत असेल, तर ती शांत असतानाच काढून घ्यावी. काहीच त्रास नसेल तर घाई नाही.

चरबीची गाठ सहसा पिकत नाही. वजन उतरलं म्हणून ती जातही नाही. ती दुखत असेल, हालचालीला अडत असेल किंवा बघायला नको वाटत असेल तर काढतात. पण पाच सेंटीमीटरच्या वर गेली, भराभर वाढली, कडक लागली किंवा खोल स्नायूत रुतलेली वाटली, तर आधी सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय. कारण चरबीचा कॅन्सर क्वचित होतो, पण होतो.

मामांच्या हातावरची गाठ अजून आहे. मी फक्त टेपनं मोजून लिहून ठेवतो.