डोंगरावरची आई

(म्हापशातल्या वाचकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझं आजोळ पेडण्याचं. तिथे तिन्हीसांजेला एका चिंचेखालून जायचं नाही, असा आम्हा मुलांना दंडक होता. कारण काय, तर तिथे आळवंतीण आहे. बाळंतपणात गेलेल्या बाईची आळवंतीण होते, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असेल. पुढे कॉलेजात असताना मी आजीला विचारलं, ती होती तरी कोण? आजी वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘म्हजेवांगडा उदकाक येताली.’ म्हणजे ती तिच्याबरोबर विहिरीवर पाण्याला येणारी मैत्रीण होती. इतकी वर्षं आम्ही तिला भ्यायलो, पण तिचं मूल जगलं की गेलं, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं.

मारिया दाह्वाना हेडली या अमेरिकन लेखिकेची ‘द मिअर वाइफ’ ही २०१८ सालची कादंबरी वाचताना मला ती चिंच आठवत राहिली. कादंबरीचं मूळ ‘बेओवुल्फ’ या सुमारे तीन हजार ओळींच्या जुन्या इंग्रजी काव्यात आहे. ग्रेंडेल नावाचा राक्षस राजाच्या दरबारात रोज रात्री माणसं मारतो. बेओवुल्फ त्याचा हात उपटतो आणि ग्रेंडेल मरतो. दुसऱ्या रात्री त्याची आई येते. ती एकाच माणसाला उचलते, मुलाचा तोडलेला हात घेते आणि आपल्या तळ्याकडे परत जाते. मुलानं कितीतरी जण मारले होते, ती मात्र एकावर थांबते. तिच्या या येण्याला खुद्द कवी ‘दुःखाचा प्रवास’ म्हणतो.

आता एका शब्दाकडे बघा, कारण ही कादंबरी त्या शब्दावरच उभी आहे. काव्यात ‘आग्लॅका’ असा एक शब्द येतो. तो ग्रेंडेलसाठी येतो, ड्रॅगनसाठी येतो आणि बेओवुल्फसाठीही येतो. राक्षसाच्या संदर्भात कोशकार त्याचा अर्थ ‘राक्षस’ देतात, नायकाच्या संदर्भात ‘योद्धा’. ग्रेंडेलच्या आईसाठी त्याचंच स्त्रीरूप आहे, ‘आग्लॅकविफ’. तिथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या भाषांतरकारांनी ‘राक्षसीण’ असंच लिहिलं. त्याच नियमानं ‘लढवय्यी बाई’ का होऊ नये?

हेडली तिला अक्षरशः लढवय्यी करते. तिची डाना मिल्स ही युद्धावरून परतलेली सैनिक आहे. येते ती गरोदर. मुलगा होतो, त्याचं नाव ग्रेन. जिथे ती वाढली त्या जमिनीवर आता ‘हेरोट हॉल’ नावाची कुंपण घातलेली श्रीमंत वसाहत उभी आहे, म्हणून ती मुलाला घेऊन वरच्या डोंगरात लपते. डोंगर कापून, गेट लावून उभे राहणारे व्हिला आपण गोव्यात रोज बघतो, त्यामुळे हे चित्र आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. वसाहतीतल्या लोकांना डोंगरावरची बाई म्हणजे धोका वाटतो. डानाला तोच डोंगर घर वाटतो.

लेखिकेचं कसब निवेदनात आहे. डाना ‘मी’ म्हणून बोलते. खालच्या वसाहतीतली विला हेरोट मात्र ‘ती’ म्हणून येते, आणि अधूनमधून ‘आम्ही’ म्हणणारा एक समूह बोलतो. मूळ काव्यात ग्रेंडेलच्या आईच्या तोंडी एकही वाक्य नाही, हे लक्षात घेतलं की हा ‘मी’ किती जड आहे ते कळतं. भीती वसाहतीच्या नजरेतून वाढत जाते आणि मधेच आपण डानाच्या आवाजात शिरतो. तिथे राक्षसीण दिसत नाही, मुलाला कुणी बघू नये म्हणून जिवाचं रान करणारी आई दिसते. काव्यातल्या आईचा शोक मुलगा गेल्यावर सुरू होतो. डानाचा तर मुलगा समोर खेळत असतानाच सुरू झालेला आहे, कारण लोक त्याला काय समजतील हे तिला ठाऊक आहे. आणि ग्रेन तर खालच्या दिव्यांकडे, विलाच्या मुलाकडे, डिलनकडे ओढला जातो. त्याला फक्त सवंगडी हवा आहे. मला पुस्तकातली ही ओढ सगळ्यांत जास्त टोचली.

एक अडचण सांगतो. डानाच्या आठवणी तुटक येतात, काय खरं घडलं आणि काय तिच्या मनात, हे सुरुवातीला उमगत नाही. घाईनं वाचलंत तर पुस्तक हातातून सुटेल. पहिली पन्नास पानं सावकाश वाचा.

शेवट मी सांगणार नाही. पण पुस्तक घेण्याआधी मूळ काव्यातली एक जागा जरूर वाचा. ग्रेंडेल मेल्याच्या आनंदात दरबारात मेजवानी चालू आहे आणि भाट हिल्डेबुर्ग राणीची कथा गातो आहे. भाऊ आणि मुलगा दोघंही लढाईत गेले, आणि ती मुलाला मामाशेजारी चितेवर ठेवायला सांगते. सगळा दरबार ते ऐकतो. मग मद्य फिरतं, भेटी दिल्या जातात, माणसं बाकं सारून तिथेच झोपतात. आणि त्याच रात्री, त्याच दारातून, दुसरी आई आत येते.